तारखेवरून वार आणि येता सोमवार

१५ ऑगस्ट १९४७ रोजी कोणता वार होता, असे तुम्हांला कोणी विचारले तर तुम्ही काय कराल? घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचाराल, किंवा जुन्या वर्तमानपत्राचा शोध घ्याल. पण शाळेच्या संगणकावर एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क यांसारखी कोष्टके करण्याची सोय असेल, तर हे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. त्यासाठी WEEKDAY नावाचे एक तयार सूत्र आहे. ते कसे वापरायचे हे तर आपण पाहूच. पण त्याआधी ते आत काय करते हे समजून घेऊ. ते समजले नाही तर उत्तर चुकते आणि चुकले हे कळतही नाही. माझे स्वतःचे असे एकदा झाले आहे. ती हकिगत पुढे येईल.

तारीख म्हणजे एक संख्या

कोष्टकातील A2 या चौकटीत 15/08/1947 असे लिहून एंटर दाबा. आपल्याला तारीख दिसते. आता त्याच चौकटीचे स्वरूप बदलून General करा. तारीख नाहीशी होते आणि तिच्या जागी १७३९४ ही संख्या दिसू लागते. घाबरू नका, काही बिघडलेले नाही. संगणकाने मुळात हीच संख्या साठवलेली असते. दिवस, महिना आणि वर्ष हा तिचा फक्त दर्शनी पोशाख असतो.

ही संख्या आली कुठून? एक्सेलने १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक दिला आणि पुढे रोज एक वाढवत नेला. त्या मोजणीत १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक १७३९४ येतो. तारखेत ७ मिळवले की आठवड्यानंतरची तारीख मिळते, दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात, हे सगळे यामुळेच शक्य होते. तारखांची बेरीज-वजाबाकी म्हणजे साध्या पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी.

आता वाराचा विचार करा. वार दर सात दिवसांनी फिरून येतात. म्हणजे दिवसांच्या क्रमांकाला ७ ने भागल्यावर उरणारी बाकी सारखी असेल, तर वारही सारखाच असणार. १७३९४ ला ७ ने भागा. ७ × २४८४ = १७३८८, म्हणून बाकी उरते ६. एक्सेलच्या मोजणीत बाकी १ म्हणजे रविवार, २ म्हणजे सोमवार, याप्रमाणे ६ म्हणजे शुक्रवार. आणि बाकी ० उरली तर शनिवार. भारत स्वतंत्र झाला तो दिवस शुक्रवार होता.

हीच भागाकाराची मेहनत WEEKDAY आपल्यासाठी करते. B2 मध्ये असे लिहा:

```
=WEEKDAY(A2)
```

उत्तर ६ येईल. फरक इतकाच, की शनिवारसाठी ते ० ऐवजी ७ देते, म्हणजे रविवार १ पासून शनिवार ७ पर्यंत सरळ क्रम लागतो.

उत्तराचा ताळा संगणकाशिवाय करून पाहायचा आहे? मग २०२५ चा स्वातंत्र्यदिन घ्या. १९४७ ते २०२५ या काळात ७८ वर्षे झाली. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर १ दिवस, म्हणून साधे वर्ष सरले की तीच तारीख एक वार पुढे सरकते. ७८ वर्षांचे ७८ वार. त्यात १९४८ ते २०२४ या दरम्यान २० लीप वर्षे आली, त्यांचा प्रत्येकी एक जादा दिवस. ७८ + २० = ९८, आणि ९८ ला ७ ने निःशेष भाग जातो. म्हणजे १५ ऑगस्ट २०२५ लाही शुक्रवारच यायला हवा. कॅलेंडर काढून पाहा, तसाच आहे.

क्रमांकावरून वाराचे नाव

वहीत ६ लिहून भागत नाही, शुक्रवार असे नाव हवे असते. त्याचा सर्वांत सोपा मार्ग असा:

```
=TEXT(A2,"dddd")
```

ही चार d अक्षरे म्हणजे वाराचे पूर्ण नाव. संगणकाची मांडणी इंग्रजीत असेल तर Friday असे उत्तर येते. मराठी नाव हवे असेल तर CHOOSE वापरा. CHOOSE ला एक क्रमांक आणि नावांची एक यादी द्यायची, मग ते यादीतील त्या क्रमांकाचे नाव काढून देते.

```
=CHOOSE(WEEKDAY(A2),"रविवार","सोमवार",
"मंगळवार","बुधवार","गुरुवार",
"शुक्रवार","शनिवार")
```

हे एकाच चौकटीतील एकच सूत्र आहे. येथे जागेअभावी ते तीन ओळींत छापले आहे, तुम्ही ते सलग लिहा.

यादी रविवारपासून सुरू केली आहे हे ध्यानात घ्या. ती सोमवारपासून सुरू केलीत तर प्रत्येक वार एकाने पुढे जाईल आणि १५ ऑगस्ट १९४७ ला शनिवार दिसेल. WEEKDAY ज्या वारापासून मोजते, त्याच वारापासून यादी सुरू व्हायला हवी.

मग WEEKDAY सोमवारपासून मोजू शकत नाही काय? शकते. कंसात तारखेनंतर स्वल्पविराम देऊन २ लिहिले की ते सोमवारला १ आणि रविवारला ७ म्हणते. काहीच लिहिले नाही तर ते रविवारला १ म्हणते. वार तोच राहतो, फक्त आठवडा कुठे कापायचा ते बदलते. वाराच्या नावासाठी यापैकी कोणतीही पद्धत चालेल, यादी तेवढी जुळती हवी. पण येता सोमवार काढताना मात्र या कापण्याच्या जागेवरच सारे अवलंबून असते.

येता सोमवार किती दिवसांवर?

आता ती हकिगत सांगतो. आमच्या पदार्थविज्ञान विभागात एक नियम आहे : प्रात्यक्षिक ज्या दिवशी झाले, त्याच्या नंतरच्या पहिल्या सोमवारी जर्नल तपासायला द्यायचे. प्रत्येक तुकडीचा वार वेगळा, म्हणून मी एक यादी केली. पहिल्या रकान्यात प्रात्यक्षिकाची तारीख आणि शेजारच्या रकान्यात जर्नल देण्याची तारीख. दुसरा रकाना सूत्राने भरला. सूत्र असे होते:

```
=A2+9-WEEKDAY(A2)
```

माझा विचार असा होता. रविवार १, सोमवार २, असे मोजत शनिवार ७. पुढचा रविवार ८ वा, आणि पुढचा सोमवार ९ वा. म्हणजे ९ मधून आजचा क्रमांक वजा केला की सोमवारला किती दिवस उरले ते कळते. बुधवारी क्रमांक ४, म्हणून ५ दिवस. शनिवारी क्रमांक ७, म्हणून २ दिवस. मी दोन-तीन तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या, बरोबर आल्या, आणि यादी फलकावर लावून टाकली.

त्या आठवड्यात शुक्रवारी, १५ ऑगस्ट २०२५ ला, स्वातंत्र्यदिनाची सुटी होती. म्हणून शुक्रवारच्या तुकडीचे प्रात्यक्षिक रविवारी, १७ तारखेला घेतले. सोमवारी, १८ तारखेला, त्या तुकडीतील एकाही विद्यार्थ्याने जर्नल दिले नाही. मला राग आला आणि मी उशिराबद्दल सर्वांचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी फलकावरील यादीची नक्कल घेऊन आली आणि म्हणाली, "सर, यात आमची तारीख २५ ऑगस्ट दिली आहे." मी पाहिले. खरोखरच २५ ऑगस्ट होती.

चूक कुठे झाली ते आता तुम्हीच पाहा. रविवारचा क्रमांक १, म्हणून ९ – १ = ८. सूत्राने १७ तारखेत ८ दिवस मिळवले आणि २५ दिली. पण रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी सोमवार असतो! रविवारपासून मोजायला लागलो की त्याच आठवड्यातला २ क्रमांकाचा सोमवार अजून पुढे असतो. माझे सूत्र त्याला ओलांडून थेट ९ व्या दिवसावर गेले. बाकीच्या सहा वारांना हा प्रश्न येत नाही. सोमवारी तो सोमवार आजच असतो, आणि मंगळवार ते शनिवार या दिवशी तो मागे पडलेला असतो. म्हणून सातांपैकी सहा वेळा सूत्र बरोबर आणि एकदा चूक, अशी स्थिती झाली होती. मी ताडून पाहिलेल्या तारखांत रविवार नव्हता. मी गुण परत दिले, हे सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे आठवडा सोमवारीच कापायचा. सोमवार १, मंगळवार २, … रविवार ७, आणि मग पुढचा सोमवार नेमका ८ वा. या मोजणीत कोणत्याही दिवसाच्या पुढे एकच ८ वा दिवस असतो, ओलांडून जायला मध्ये दुसरा सोमवार उरतच नाही. म्हणून सूत्र असे होते:

```
=A2+8-WEEKDAY(A2,2)
```

आता ११ ते १७ ऑगस्ट २०२५ या सातही दिवसांवर दोन्ही सूत्रे चालवून पाहू.

| तारीख | वार | चुकीचे सूत्र | बरोबर सूत्र |
|---|---|---|---|
| ११ | सोमवार | १८ | १८ |
| १२ | मंगळवार | १८ | १८ |
| १३ | बुधवार | १८ | १८ |
| १४ | गुरुवार | १८ | १८ |
| १५ | शुक्रवार | १८ | १८ |
| १६ | शनिवार | १८ | १८ |
| १७ | रविवार | २५ | १८ |

शेवटची ओळ सोडली तर दोन्ही रकाने सारखेच आहेत. वारांशी संबंधित कोणतेही सूत्र तपासताना सलग सात तारखा घ्याव्यात, त्या एवढ्यासाठीच. वार सातच असल्यामुळे सात तारखांत सगळी तपासणी पुरी होते, आणि सहा घेतल्या तर नेमकी चुकणारी सातवी निसटू शकते.

आज सोमवार असेल तर?

कोष्टकाची पहिली ओळ पुन्हा पाहा. ११ ऑगस्टला स्वतःच सोमवार आहे आणि सूत्राने १८ ऑगस्ट दिली. हे बरोबर आहे का? आमच्या जर्नलसाठी बरोबर आहे, कारण प्रात्यक्षिक झाले त्याच दिवशी जर्नल मागण्यात अर्थ नाही. पण समजा, ग्रंथालय फक्त सोमवारी पुस्तके बदलून देते आणि तुम्हांला पुस्तक लवकरात लवकर कधी बदलता येईल ते हवे आहे. मग सोमवारी विचारल्यास उत्तर "आजच" असे यायला हवे. "येता सोमवार" या शब्दांचे असे दोन अर्थ होतात, आणि कोणता घ्यायचा हे संगणक ठरवू शकत नाही. ते आपण ठरवायचे.

दुसऱ्या अर्थासाठी पुन्हा बाकीच कामी येते. सोमवारी ८ – १ = ७ दिवस मिळतात, तेथे ० हवे आहेत; इतर दिवशी मिळणारे ६ ते १ हे आकडे तसेच राहायला हवेत. ७ ने भागून बाकी घेतली की ७ चे ० होतात आणि ७ पेक्षा लहान आकडे जसेच्या तसे राहतात. बाकी काढण्याचे सूत्र आहे MOD:

```
=A2+MOD(8-WEEKDAY(A2,2),7)
```

हे सूत्र ११ ऑगस्टला ११ ऑगस्टच देईल, आणि १२ ते १७ पर्यंत सगळ्यांना १८.

उत्तराच्या चौकटीत तारखेऐवजी ४५८८७ असा आकडा दिसला तर तो १८ ऑगस्ट २०२५ चा क्रमांक आहे हे तुम्ही आता ओळखाल. चौकटीचे स्वरूप तारखेचे करा, म्हणजे झाले.

सूत्र बरोबर, तारीख चूक

कधी कधी सूत्र निर्दोष असते आणि त्याला दिलेली तारीखच वेगळी असते. आपण आधी दिवस आणि मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना लिहितात. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहून गेली असेल, तर 05/08/2025 ही तारीख आपल्याला ५ ऑगस्ट, मंगळवार, अशी अभिप्रेत असते. पण संगणक ती ८ मे, गुरुवार, अशी वाचतो. तो कुरकुर करत नाही, निमूटपणे चुकीचा वार देतो.

हे ओळखायचे कसे? त्याच रकान्यात 15/08/2025 लिहून पाहा. पंधरावा महिना नसतो, त्यामुळे अमेरिकी मांडणीत संगणकाला ही तारीख वाटतच नाही. तो तिला साधी अक्षरे समजतो, चौकटीत डावीकडे चिकटवतो, आणि WEEKDAY च्या जागी #VALUE! असा संदेश दिसतो. तेव्हा एखाद्या रकान्यात महिन्याच्या १२ तारखेपर्यंतची उत्तरे दिसत असतील आणि १३ पासून पुढे #VALUE! येत असेल, तर वरची "बरोबर" दिसणारी उत्तरेही चुकीची आहेत असे समजावे. शंकाच नको असेल तर तारीख अशी लिहावी, यात वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरलेला आहे:

```
=DATE(2025,8,5)
```

रिकाम्या चौकटीचीही एक गंमत आहे. तारीख लिहायची राहून गेली तर संगणक तिला ० समजतो. एक्सेलमध्ये मग येत्या सोमवारची तारीख २ जानेवारी १९०० अशी दिसते. यादीत मध्येच ही तारीख आली तर शेजारची चौकट रिकामी आहे का ते आधी पाहा.

१९०० सालचा नसलेला दिवस

शेवटी एक मर्यादा सांगायला हवी. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० चा वार काढा. उत्तर १ येईल, म्हणजे रविवार. पण त्या दिवशी सोमवार होता. सूत्र येथे खरोखरच चुकते, आणि त्याचे कारण मोठे रंजक आहे.

ज्या वर्षाला ४ ने भाग जातो ते लीप वर्ष, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण शतकाच्या वर्षाला ४०० नेही भाग जावा लागतो. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, पण १९०० नव्हते. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या कोष्टकांच्या कार्यक्रमात १९०० हे लीप वर्ष धरले गेले. पुढे एक्सेल आले तेव्हा लोटसमध्ये केलेली कोष्टके त्यातही तशीच चालावीत, म्हणून तीच मोजणी ठेवण्यात आली. त्यामुळे एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न आलेली तारीख आहे आणि तिचा क्रमांक ६० आहे.

१ मार्च १९०० पासून पुढचे सर्व वार बरोबर येतात. मध्ये एक खोटा दिवस घुसल्यामुळे त्याच्या आधीच्या तारखांचे वार मात्र एक दिवस मागचे दिसतात. लिबरऑफिस कॅल्कमध्ये ही चूक नाही. तेथे ३१ डिसेंबर १८९९ ला क्रमांक १ दिला आहे आणि खोटा दिवस नाही, म्हणून १ मार्च १९०० पासून दोन्हींचे क्रमांक जुळतात. १९०० च्या आधीच्या तारखा तर एक्सेल तारखा म्हणून स्वीकारतच नाही. इतिहासाच्या तारखांचे वार काढताना हे लक्षात ठेवावे.

करून पाहा

१. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. त्या दिवसाचा वार आणि त्यानंतरचा पहिला सोमवार काढा. आधी वहीवर काढा, मग संगणकावर.

२. तुमच्या शाळेत जर्नल शनिवारी द्यायचे असेल तर सूत्र कसे लिहाल? सूचना : शनिवार हा सोमवारच्या ५ दिवस पुढे असतो. म्हणून वार मोजताना तारीख ५ दिवस मागे न्या, म्हणजे शनिवारलाच १ क्रमांक मिळेल.

उत्तरे : (१) १ मे १९६० चा क्रमांक २२०३७, ७ ने भागल्यावर बाकी १, म्हणजे रविवार. येता सोमवार दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी. तुमचे उत्तर ९ मे आले असेल, तर तुम्ही माझीच चूक केली आहे. (२) सूत्र खाली दिले आहे. ते सलग सात तारखांवर तपासून पाहायला विसरू नका.

```
=A2+8-WEEKDAY(A2-5,2)
```